ट्रॉलीचं चाक कधी जागेवर फिरत नाही, ट्रॅक्टरचंच का फिरतं?

चाकोरी
पुतणी अकरावीला आहे. तिच्या वहीत सायकलचं चित्र काढलंय आणि दोन्ही चाकांखाली घर्षणाचे बाण आहेत. मागच्या चाकाखाली बाण पुढे, पुढच्या चाकाखाली बाण मागे. तिला विचारलं, तर म्हणे सरांनी असंच सांगितलं. एकाच रस्त्यावर, एकाच दिशेने जाणाऱ्या दोन चाकांवर रस्ता उलटसुलट कसा वागतो?

आमच्याकडे आता ऊसतोड चालू आहे, त्यामुळे याचीच दुसरी बाजू रोज समोर दिसते. भरलेली ट्रॉली रानातून काढताना ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरतात, खड्डा करतात. ट्रॉलीची चाकं मात्र कधीच घसरत नाहीत, आणि वजन तर त्यांच्यावर कितीतरी जास्त. ट्रॉलीच्या टायरला नक्षीही धड नसते! दोन्ही प्रश्न एकच आहेत असं वाटतं, पण धागा जुळत नाही. जाणकारांनी सांगावं.

नाना_नांगरे
घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं. सायकल पुढे जाते, म्हणजे दोन्ही बाण मागेच हवेत. वहीत चूक आहे. सरांना विचारा.

धाव_आणि_आरे
नाना, अर्धं बरोबर. घर्षण विरोध करतं ते घासण्याला, गाडीच्या जाण्याला नव्हे. चाकाचा जो ठिपका रस्त्याला टेकलाय तो कुठे सरकू पाहतोय, तेवढंच बघायचं.

पेडल मारलं की चेन मागच्या चाकाला फिरवते. समजा रस्ता बर्फासारखा गुळगुळीत आहे. टेकलेला ठिपका मागे सरकेल, चाक जागच्या जागी गरगरेल. रस्ता त्याला मागे सरकू देत नाही, म्हणजे चाकाला पुढे ढकलतो. पुढचा बाण तो हा.

पुढच्या चाकाला चेन नाही, त्याला फक्त फ्रेम ढकलते आणि तेही आसापाशी. तोच बर्फ इथे घ्या. हे चाक न फिरता नुसतं पुढे घसरत जाईल, टेकलेला ठिपका पुढे सरकेल. रस्ता तो सरकू देत नाही, म्हणून त्याला मागे ओढतो. त्या मागे ओढण्यानेच तर चाक फिरायला लागतं, नाहीतर त्याला फिरवणारं दुसरं आहे कोण?

रस्ता उलटसुलट वागत नाही. दोन चाकं त्याच्याकडे वेगवेगळी कामं घेऊन येतात.

नाना_नांगरे
मग गाडी पुढे नेतं ते घर्षणच, असं म्हणायचं?

धाव_आणि_आरे
हो. बाहेरून पुढे ढकलणारं दुसरं काहीच नाही. इंजिन आणि पाय हे गाडीच्या आतले.

बैलबाजार
बैलगाडीत हे एकदम स्वच्छ दिसतं. गाडीची दोन्ही चाकं ओढलेली. फिरवणारं चाक म्हणाल तर बैलाचा खूर. खूर जमिनीला मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे. ओल्या डांबरावर घसरतो तो बैलच, गाडीची लोखंडी धाव घसरत नाही.

धाव_आणि_आरे
बैलबाजार, हे उदाहरण मी चोरणार आहे.

टॉपगिअर_तात्या
ट्रॉलीला नवीन रेडियल टायर टाका, सगळे प्रश्न सुटतील. नायलॉनपेक्षा ग्रिप चांगली असते.

चाकोरी
तात्या, ट्रॉलीचं चाक घसरतच नाहीये. ते *का* घसरत नाही, हा प्रश्न आहे. :)

टॉपगिअर_तात्या
अरे हो. उलटं वाचलं. चालू द्या.

शून्यावकाश
एक शंका. घर्षणाची कमाल मर्यादा म्हणजे गुणांक गुणिले चाकावरचा भार. ही दोन्ही चाकांना एकच. मग 'फिरवलेल्या चाकाची मर्यादा वेगळी, ओढलेल्याची वेगळी' असं पुस्तकं कशाच्या जोरावर लिहितात?

धाव_आणि_आरे
चांगली शंका, गोंधळ इथेच होतो. घर्षणाची मर्यादा एकच आहे. वेगळं आहे ते हे, की तुम्ही लावलेल्या जोरातला किती भाग घर्षणाच्या खात्यात जमा होतो.

एकटं चाक घ्या, भरीव तबकडीसारखं, सपाट रस्त्यावर. आसाला धरून ओढलं. त्या ओढीचं काम दोन ठिकाणी वाटलं जातं. चाकाचं वस्तुमान पुढे न्यायचं आणि चाक फिरवायचं. फिरवायचं काम घर्षणाकडून होतं. भरीव चाकाला ओढीचा फक्त एक तृतीयांश घर्षणाच्या वाट्याला येतो. म्हणजे घसरायला लावायचं तर घर्षणाच्या मर्यादेच्या तिप्पट ओढ लावावी लागेल.

आता तेच चाक आसातून पीळ देऊन फिरवा. पीळ भागिले त्रिज्या म्हणजे त्या पिळाचा जमिनीपाशी होणारा जोर. त्यातला एक तृतीयांश चाकाच्या स्वतःच्या फिरण्यात जातो, उरलेला दोन तृतीयांश घर्षणावर पडतो. म्हणजे मर्यादेच्या दीडपट जोरालाच चाक घसरतं.

तीन आणि दीड. पुस्तकातला फरक तो हा.

शून्यावकाश
आणि कडी असेल तर? सगळं वजन रिमवर?

धाव_आणि_आरे
मग दोन्हीकडे दोन. कडीला फिरवायला जास्त लागतं, म्हणून ओढताना निम्मी ओढ घर्षणावर जाते. आणि पीळ देताना निम्मा पीळ कडीच खाऊन टाकते, घर्षणावर निम्माच येतो.

उलट टोकाला जा. रिम अगदी हलकी, सगळं वजन तुंब्यात. ओढलेल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच लागत नाही, कितीही ओढा, घसरणार नाही. फिरवलेलं चाक मात्र मर्यादेला पोचताक्षणी घसरेल, कारण पीळ पचवायला रिममध्ये काही नाही. हलकी रिम एका चाकाला वाचवते आणि दुसऱ्याला उघडं पाडते.

चाकोरी
हे छान. पण ट्रॉलीत तर तीन आणि दीड एवढाच फरक दिसत नाही. ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रॉलीला काही म्हणजे काहीच होत नाही.

धाव_आणि_आरे
कारण खऱ्या गाडीत चाक एकटं नसतं. ओढलेल्या चाकाला फक्त स्वतःला फिरवायचं असतं. फिरवलेल्या चाकाला स्वतःला, गाडीला, माणसाला, आणि वर त्या ओढलेल्या चाकांनाही न्यायचं असतं.

सायकलवर आकडे टाकून बघू. सायकल आणि माणूस मिळून 80 किलो. पुढच्या चाकाचं वजन 2 किलो, सगळं रिमवर धरू. सेकंदाला 1 मीटर प्रतिसेकंद या दराने वेग वाढतोय, म्हणजे उभं राहून पेडल मारण्याइतका जोर. हवा आणि टायरचा विरोध सोडून देऊ.

पुढच्या चाकाला फिरवायला रस्त्याने मागे लावलेला जोर 2 न्यूटन. एवढाच. मागच्या चाकाला 80 न्यूटन सगळं पुढे न्यायला आणि ते 2 न्यूटन फेडायला, म्हणजे 82 पुढे.

आता मर्यादा. भार मागे 480 न्यूटन, पुढे 320, गुणांक 0.7. मागे 336 मिळू शकतं, त्यातलं 82 वापरलं, पावभर. पुढे 224 मिळू शकतं, वापरलं 2. शंभरात एकही नाही. पुढचं चाक निव्वळ ओढून घसरवायचं तर सायकलचा वेग सेकंदाला 112 मीटर प्रतिसेकंदाने वाढवावा लागेल. त्याच्या कितीतरी आधी मागचं चाक हार मानेल, किंवा पुढचं उचललं जाईल.

भिंगरी
सेकंदाला 112! म्हणजे पहिल्या सेकंदात ताशी चारशे किमी. आमच्या ओढ्याकाठचा डिलिव्हरीवाला याच्या जवळपास पोचतो.

नाना_नांगरे
पण समान वेगाने जाताना? वेग वाढत नाही, मग चाक फिरवायलाही काही लागत नाही. बाण शून्य?

धाव_आणि_आरे
आदर्श चाकाला शून्यच. खरं चाक आणि खरी जमीन दबतात. टायरच्या पुढच्या कडेला जमीन नव्याने दबते आणि मागच्या कडेला ती तितक्या जोराने परत उसळत नाही, त्यामुळे जमिनीचा रेटा चाकाच्या मध्याच्या थोडा पुढे पडतो. ओढलेल्या चाकाला आसातून फिरवणारं कोणी नाही (बेअरिंगचं घासणं किरकोळ), म्हणून जमिनीचा एकूण रेटा आसातूनच जायला हवा. पुढे पडलेला रेटा आसातून जायचा तर तो मागे कललेला असणार. ते मागे कललेपण म्हणजे ट्रॉली जड वाटते ते. समान वेगातही ओढलेल्या चाकावरचा बाण मागेच, आणि फिरवलेल्यावरचा पुढे.

रानात हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. चाक काळ्या मातीत खचलंय आणि सतत स्वतःच केलेल्या खड्ड्याच्या चढावर चढतंय.

ऊसवाहतूक_करवीर
आता खरा हिशेब मांडतो, कारण हा गोंधळ आमच्याकडे रोजचा आहे. आकडे सोपे धरतो, किलोत.

ट्रॅक्टर 2000 किलो. त्यातले मागच्या चाकांवर 1250, पुढच्यांवर 750. मागे चार चाकी ट्रॉली, भरलेली, 10 टन.

डांबरावर, सपाट. ट्रॉली ओढायला वजनाच्या दोनेक टक्के लागतं, म्हणजे 200. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचं 15. कोरड्या डांबरावर मागच्या चाकांची पकड 0.7 धरली तर 875. आरामात.

तोच रस्ता, शंभर मीटरला चार मीटर चढ. ट्रॉलीचे 400 वाढले, ट्रॅक्टरचे 80. एकूण सातशेच्या आसपास. अजून जातो. आता त्याच चढावर दुसऱ्या गाडीच्या चाकांतून पडलेला चिखल आणि वर पाणी. पकड 0.4 झाली तर 500 किलोच. इथे तो मधोमध अडकतो आणि मागे रांग लागते.

रानात, ओल्या काळ्या मातीत. ओढ वजनाच्या दहा टक्के तरी, म्हणजे ट्रॉलीलाच 1000. पकड 0.45 धरली तर 560. निघणारच नाही. ट्रॉलीच्या प्रत्येक चाकावर अडीच टन आहेत, त्याच गुणांकाने त्याला 1125 पर्यंत धरायची सोय आहे, पण लागतंय 250. म्हणून ते घसरत नाही. त्याला घसरायचं कारणच नाही.

चाकोरी
म्हणजे भार ट्रॉलीवर, जोर ट्रॅक्टरवर. जिथे पकड हवी तिथे वजन नाही.

ऊसवाहतूक_करवीर
अगदी. म्हणूनच दोन चाकी ट्रॉली रानातून निघते आणि चार चाकी अडते. दोन चाकीचा काही भार हूकवर येतो. समजा 6 टनांच्या दोन चाकी ट्रॉलीचे 800 किलो हूकवर आले, हूक मागच्या आसाच्या 60 सेंमी मागे आणि ट्रॅक्टरचा व्हीलबेस 2 मीटर. हूक आसाच्या मागे असल्याने मागच्या चाकांवर 800 नाही, 1040 येतात, आणि पुढच्यांवरून 240 उठतात. मागे झाले 2290, पकड हजाराच्या वर. आणि ट्रॉलीच्या चाकांवर 5200 च उरले, ओढ 520. चार चाकी सहा टनांना 600 ओढ आणि 560 पकड, इथेच फसतं.

हे फुकट नाही. पुढची चाकं 750 वरून 510 वर आली, स्टिअरिंग हलकं. वळणावर पुढची चाकं सरळच जाऊ पाहतात. मागच्या टायरवर किती भार चालतो तेही बघावं लागतं.

घाटमाथा
माझा प्रश्न थोडा वेगळा. पुढची चाकं फिरणारी कार चिखलातल्या चढावर अडली, तर उलटी करून रिव्हर्समध्ये चढवा म्हणतात. तेच का?

ऊसवाहतूक_करवीर
तेच. चढावर वजन खालच्या बाजूच्या चाकांवर सरकतं. नाक वर असताना ती मागची, न फिरणारी. उलटी केली की खालची चाकं म्हणजे फिरणारी. फक्त रिव्हर्समध्ये स्टिअरिंग दचकत वागतं आणि मागे बघत चढवायचं, त्यामुळे रस्ता मोकळा असेल तरच.

टॉपगिअर_तात्या
ट्रॅक्टर ओढायला लागला की मागच्या चाकांवर आपोआप वजन येतं म्हणतात. मग 560 कसे?

ऊसवाहतूक_करवीर
बरोबर, तात्या, मी ते सोडलं होतं. हूक जमिनीपासून 50 सेंमी, व्हीलबेस 2 मीटर. ओढीचा चौथा भाग पुढून उठून मागे येतो. 560 ओढीला 140 किलो, त्याने पकड वाढते, म्हणून आणखी थोडी ओढ. शेवटी सव्वासहाशेच्या आसपास थांबतं. दहा टनांना तरी पुरत नाही.

लगेच कोणी हूक वर न्यायचा विचार करू नका. ओढ मागच्या आसापेक्षा वरून, टॉप लिंकच्या जागेवरून दिली, की ट्रॅक्टर मागे उलटतो. खालून ओढताना पुढची बाजू उचलली की हूक आणखी खाली जातो, उलटवणारा जोर कमी होत जातो. वरून ओढताना तो आवर राहत नाही.

आणि अडकलेल्या मागच्या चाकाला पुढे ओंडका बांधून बाहेर काढायची जुगाड तर अजिबात नको. घसरणारं चाक हा फ्यूज आहे. ओंडका बांधला की चाक अडतं, आणि पीळ ट्रॅक्टरच्या धडाला चाकाभोवती फिरवतो. पुढची बाजू सरळ आकाशात. अडकला तर आधी रिव्हर्समध्ये बाहेर घ्या.

बैलबाजार
बैल असता तर स्वतःच थांबला असता.

भिंगरी
बैलाला क्लच कुठे असतो तेवढं सांगा.

शून्यावकाश
धागा भरकटतोय, पण मला भरकटलेला भागच आवडतोय. एक विचारतो. घसरतंय की नाही हे मोजायचं कसं? डोळ्याला तर चाक फिरतंय आणि ट्रॅक्टर चाललाय एवढंच दिसतं.

ऊसवाहतूक_करवीर
मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. रिकाम्या ट्रॅक्टरने, न ओढता, त्याच रानात चाकाचे दहा फेरे मोजा आणि अंतर टेपने घ्या. समजा 41 मीटर आलं. मग ओढ लावून पुन्हा दहाच फेरे. अंतर 35 मीटर. सहा मीटर गेले कुठे? घसरण्यात. 6 भागिले 41, साधारण 15 टक्के. नांगरटीला 10 ते 15 टक्के चालतं. शून्य करायच्या नादात इतकं वजन चढवू नका की डिझेल ट्रॅक्टरलाच ओढण्यात जाईल. 20 च्या वर गेलं की टायर आणि डिझेल दोन्ही पाण्यात.

धाव_आणि_आरे
आणि याच मोजणीत या धाग्याचं उत्तर लपलंय. रिकाम्या चाकाचे 41 मीटर मोजायलाही वेगळी फेरी नको. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे फेरे मोजा. ते ढकललेलं चाक आहे, घसरत नाही, म्हणून ते खरं अंतर सांगतं. मागचं चाक घसरतं, म्हणून ते जास्त अंतर सांगतं. दोन्हींतला फरक म्हणजे घसरण. मोटारीत ट्रॅक्शन कंट्रोल असतो तोही न फिरवलेल्या चाकाला असंच मोजपट्टी म्हणून वापरतो.

नाना_नांगरे
पण चिखलणीत पुढची चाकं खचून चिखल ढकलत जातात, मग फेरे कमीच भरतील ना? मोजपट्टी बिघडली.

धाव_आणि_आरे
मान्य. चिखलणीत ती मोजपट्टी लबाड होते. कोरड्या किंवा वाफशावरच्या रानातच वापरावी.

पंक्चर_पंढरी
ओढलेलं चाक घसरतच नाही असं लिहू नका. ट्रॉलीची चाकं घासलेली बघायची असतील तर दुकानात या. एका बाजूला सपाट चट्टा पडलेला टायर म्हणजे ते चाक काही वेळ फिरलंच नाही. बेअरिंग जाम, किंवा ब्रेक धरून राहिलेला.

धाव_आणि_आरे
पंढरी, एकदम बरोबर, मी फक्त मोकळ्या चाकाबद्दल बोललो. ओढलेल्या चाकाला फिरवायचं काम घर्षण करतं. बेअरिंग किंवा ब्रेक ते फिरणं अडवायला लागले की घर्षणावर तेवढा बोजा वाढतो. अडवणारा पीळ, 'मर्यादा गुणिले त्रिज्या' याच्या वर गेला की चाक थांबतं आणि घासत जातं. रिकाम्या ट्रॉलीत हे लवकर होतं, कारण भार कमी म्हणून मर्यादाही कमी. भरल्यावर तेच चाक कुरकुरत का होईना फिरतं, म्हणून दोष लपतो.

पंक्चर_पंढरी
हे बरोबर सांगितलं. आणि मातीत ओळखायची खूण आहे. फिरवलेलं चाक घसरलं की माती मागे उडते, मागे ढीग होतो, चाक खाली रुतत जातं. ओढलेलं चाक जाम झालं की माती पुढे साचते, चाकाच्या तोंडाशी ढीग होतो. टायर पण तसाच. ट्रॅक्टरचे गट्टू चहूबाजूंनी सारखे झिजतात, जाम चाकाला एकाच जागी चट्टा. आणि हबला हात लावा, गरम असेल तर बेअरिंग बघा, वंगण भरा.

चाकोरी
मातीचा ढीग म्हणजे बाणच झाला की! रस्ता चाकाला पुढे ढकलतो तर चाक मातीला मागे.

नाना_नांगरे
हे मला पटलं. वहीत चूक नाही. सरांची माफी.

घाटमाथा
आणि उतारावर? इंजिनचा ब्रेक लागला की?

ऊसवाहतूक_करवीर
तेव्हा फिरवलेल्या चाकावरचाही बाण उलटतो. इंजिन चाकाला रोखतं, रस्ता ट्रॅक्टरला मागे धरतो. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर ती मागून ढकलते, आणि पकड पुन्हा त्याच 1250 किलोंचीच. 10 टनांना चार टक्के उतारावर रोखायला 200 लागतात (400 मधून ट्रॉलीचं स्वतःचं दोन टक्के वजा), कोरड्यावर जमतं. चिखलात मागची चाकं लॉक झाली की ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी फिरवते. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरू नका, आणि डावा-उजवा ब्रेक पेडल रस्त्यावर कडीने जोडून ठेवा. एकच पाय दाबला गेला तर एकाच चाकावर बाण मागे, गाडी गर्रकन वळते.

टॉपगिअर_तात्या
मग टायरमध्ये पाणी भरायचं की लोखंडी वजनं लावायची, ते एकदा सांगून टाका.

ऊसवाहतूक_करवीर
पाणी. 13.6-28 च्या टायरमध्ये तीन चतुर्थांश भरलं तर दीडशे लिटरच्या आसपास जातं, दोन चाकांत तीनशे किलो, तेही खाली. खर्च नळाचा.

पंक्चर_पंढरी
आणि पंक्चर झाल्यावर पाणी कुणाच्या अंगावर येतं? रस्त्यावर उसळतही जास्त. लोखंडी वजनं लावा, रान संपलं की काढा.

ऊसवाहतूक_करवीर
चार माणसं लागतात ती काढायला-लावायला.

पंक्चर_पंढरी
पंक्चर काढायला मी एकटा असतो.

शून्यावकाश
हे दोघं मिटवणार नाहीत. डिफरन्शियल लॉकबद्दल कोणी बोललं नाही?

ऊसवाहतूक_करवीर
एक मागचं चाक चिखलात, दुसरं टणक जागी. डिफरन्शियल दोघांना सारखाच पीळ देतो, म्हणजे चिखलातल्याला जेवढा पेलतो तेवढाच टणकातल्यालाही. पकड सुटलेलं चाक ठरवतं. लॉक दाबला की दोन्ही एकाच वेगाने फिरतात आणि टणकातलं चाक स्वतःची पूर्ण पकड वापरतं. चाक गरगरायला लागल्यावर नाही, आधी वेग कमी करून दाबा. आणि वळण्याआधी सोडा, नाहीतर वळतच नाही.

भिंगरी
चाकोरीताई, पुतणीला काय सांगणार ते तर राहिलंच. तिला घरीच दाखवता येईल. सायकलच्या मागच्या चाकाखाली फळी, फळीखाली चार-पाच गोल पेन्सिली आडव्या. पुढचं चाक कोणीतरी धरायचं, हाताने पेडल दाबायचं. फळी मागे पळते. मग तीच फळी पुढच्या चाकाखाली ठेवून सायकल सीटला धरून पुढे ढकला. फळी पुढे जाते.

धाव_आणि_आरे
यात एक मजा अजून. दुसऱ्या वेळी फळी *मागच्या* चाकाखालीच राहू द्या आणि पेडल न मारता सायकल सीट धरून ढकला. फळी पुढेच जाईल. पेडल थांबलं की फ्रीव्हीलमुळे मागचं चाकही ओढलेलं चाकच होतं. पुढचं-मागचं याला काही अर्थ नाही, चाक कोण फिरवतंय त्याला आहे.

चाकोरी
संध्याकाळी करून बघितलं. पहिल्यांदा फळी पेन्सिलींसकट कपाटाखाली गेली. दुसरं जमलं. आता पुतणी विचारते, हँडब्रेक लावून ढकललं तर?

नाना_नांगरे
चाक फिरणार नाही, ओढलं जाईल. बाण मागे. हे मी सांगू शकतो!

शून्यावकाश
पुढचा ब्रेक की मागचा, ते पण सांगा नाना. :)